किणी, तासवडे आणि २५५६५

कोल्हापूरहून उंब्रजला गाडीनं यायचं म्हणजे वाटेत दोन टोलनाके लागतात. आधी किणी आणि मग कराड मागं पडलं की तासवडे. किणीला पैसे भरले म्हणून तासवड्याला कोणी सोडत नाही. पावती फाडत होते तेव्हाही नाही आणि आता काचेवर फास्टॅग चिकटवला तरीही नाही. दोन नाके, दोन हिशेब. आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही हे सांगावं लागत नाही. पण हीच गोष्ट संगणकावर आली की चांगली शिकलेली माणसंही एक नाका ओलांडून "आता रस्ता मोकळा" म्हणून निर्धास्त होतात, आणि गाडी दुसऱ्या नाक्यावर का अडली याचा शोध घरात करत बसतात.

आज टोलवर लिहिणार नाहीये मंडळी, घाबरू नका. आजचा विषय खेळाचा आहे. पण त्यासाठी थोडी घरची पार्श्वभूमी सांगायला हवी. नातेवाईक वाचकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.

आमचा उंब्रजचा जुना वाडा उतरवला त्याला बरीच वर्षं झाली. फोटो म्हणाल तर मोजून पाच-सहा, त्यातही सगळे लग्नातले, म्हणजे वाडा कमी आणि पाहुणे जास्त. गेल्या वर्षी बहिणीच्या मुलानं, म्हणजे उंब्रजच्या भाच्यानं, माइनक्राफ्ट नावाच्या खेळात तो वाडा बांधायला घेतला. हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्यात चौकोनी ठोकळे रचून हवं ते उभं करता येतं आणि दूरदूरची माणसं एकाच जगात एकाच वेळी वावरू शकतात. भाचा ठोकळे रचतो आणि आई (वय वर्षं चौऱ्याऐंशी) शेजारी बसून सांगते, सोप्याला खांब किती होते, माजघरातून परड्यात जायचं दार कुठल्या बाजूला होतं, उखळ कुठं पुरलेलं होतं. हे कळल्यावर न्यू जर्सीच्या पुतणीलाही त्यात यायचं होतं. तिनं तो वाडा कधी पाहिलेलाच नाही. आईची आठवण अजून लख्ख आहे, पण ती कायम तशीच राहील असं धरून चालता येत नाही. त्यामुळे "सावकाश बघू" म्हणण्यासारखं हे काम नव्हतं.

आता हे सामायिक जग ठेवायचं कुठं? भाच्याच्या घरच्या संगणकावर ठेवता आलं असतं, पण बाहेरच्या माणसाला त्या संगणकापर्यंत पोचता आलं पाहिजे ना. आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांमध्ये जालावरचा एकच सार्वजनिक पत्ता कंपनी कितीतरी घरांत मिळून वापरते. बाहेरून आलेली हाक नेमकी कुणाच्या घरात द्यायची हे तिथं ठरतच नाही, आणि घरातल्या राउटरवर कितीही खटपट केली तरी त्यावर इलाज नाही. म्हणून ओरॅकल क्लाउडवर मुंबईतल्या विदागारातला एक लहानसा उबंटू संगणक घेतला. खातं माझ्या नावावर, कार्ड माझं, त्यामुळे परवलीचा शब्द माझ्याकडे. आणि प्रत्यक्ष त्या संगणकात शिरून खेळ बसवणं, चालवणं हे भाच्याकडे, म्हणून आत शिरायची किल्ली त्याच्याकडे. ही वाटणी सोयीची म्हणून केली होती. पुढं कळलं की सगळी गोष्टच या वाटणीत आहे.

भाच्यानं खेळ सुरू केला. पुतणीनं तिकडून पत्ता टाकला. काही नाही. मी माझ्या बाजूनं दार उघडलं होतं. त्यानं त्याच्या बाजूनं उघडलं होतं. फोनवर तो म्हणे, "मामा, तुमच्याकडूनच बंद असणार." मी म्हणे, "अरे, माझ्यासमोर पडद्यावर उघडं दिसतंय." आणि दोघंही आपापल्या पडद्याकडे बघून खरं तेच सांगत होतो!

हे कसं शक्य आहे ते नीट सांगतो, कारण ज्यांनी ज्यांनी असा प्रयत्न केलाय त्यांतले निम्मे तरी इथंच अडकलेले असणार.

जालावरच्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर क्रमांक टाकलेली दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. माइनक्राफ्टची संगणकावर चालणारी मूळ जावा आवृत्ती २५५६५ या दारावर ऐकत असते. दूरून संगणकात शिरायची एसएसएचची वाट २२ या दारानं जाते. आता बाहेरून आलेल्या माणसाला २५५६५ पर्यंत पोचायचं तर दोन नाके लागतात.

पहिला नाका क्लाउडवाल्यांचा. हा त्या संगणकाच्या आत नसतोच. तो त्यांच्या जाळ्यात, संगणकाच्या बाहेर असतो. तिथं अडलेला निरोप संगणकापर्यंत येतच नाही, त्यामुळे संगणकाच्या आत कितीही मोठा अधिकार असला तरी आतून हा नाका दिसत नाही आणि उघडताही येत नाही. तो उघडायचा तर खातेदारानं न्याहाळकातून खात्यात शिरायला हवं. ओरॅकलमध्ये याला `Security List` म्हणतात. सुरुवातीच्या नियमांत बाहेरून यायला २२ क्रमांकाचं दार उघडं असतं आणि बाकी जवळजवळ काही नाही.

तिथं `Add Ingress Rules` मध्ये मी भरलं ते असं: `Source CIDR` मध्ये `0.0.0.0/0`, म्हणजे कुठूनही येणारा. `IP Protocol` मध्ये `TCP`. `Destination Port Range` मध्ये `25565`. आणि `Source Port Range` रिकामं. हे रिकामं ठेवणं महत्त्वाचं आहे. पुष्कळजण दोन्ही रकान्यांत २५५६५ लिहितात, दिसायला ते बरोबरही वाटतं. पण येणारा माणूस स्वतःच्या घरातून कुठल्याही दारानं बाहेर पडतो, त्याचा संगणक दर वेळी वेगळाच क्रमांक निवडतो. "तुझ्या घराच्याही २५५६५ नंबरच्या दारातूनच निघालास का?" असं नाक्यावर विचारलं तर जवळपास कुणालाच प्रवेश मिळणार नाही. नियम पडद्यावर आहे, हिरवा दिसतोय, पण लागू कुणालाच होत नाही.

दुसरा नाका खुद्द उबंटूच्या आत, त्याच्या गाभ्यात. ओरॅकल जी उबंटूची तयार प्रत देतं तिच्यात `iptables` चे नियम आधीच घातलेले असतात: २२ वर येणाऱ्याला आत घ्या, बाकीच्यांना परत पाठवा. हा काही दोष नाही, त्यांच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. गोंधळ होतो तो दुसऱ्याच कारणानं. अमेझॉनच्या क्लाउडवर मिळणाऱ्या उबंटूच्या नेहमीच्या प्रतीत आतला पहारा सुरुवातीला झोपलेला असतो, तिथं बाहेरचा एकच नाका उघडला की काम होतं. तो अनुभव गाठीशी असलेला माणूस इथं आला की त्याला वाटतं, नियम तर घातला, आता काय राहिलं?

आणि फसवणारी आणखी एक गोष्ट आहे. भाचा म्हणत होता, "मामा, मी एसएसएचनं आत जातोय की. म्हणजे वाट मोकळीच आहे." वाट मोकळी होतीच, पण २२ ची. ते दार दोन्ही नाक्यांवर पहिल्यापासून उघडं ठेवलेलं असतं, म्हणून तर आत जाता येतं. त्यावरून २५५६५ बद्दल काहीच कळत नाही. त्यानं आतूनच स्वतःच्या २५५६५ वर हाक मारून पाहिली होती, तीही लागली. पण घरातल्या घरात मारलेली हाक कुठल्याच नाक्यावरून जात नाही. त्यावरून एवढंच सिद्ध झालं की खेळ चालू आहे आणि ऐकतो आहे. (तेवढं कळणंही कामाचं असतं म्हणा.) आणि ज्या `ping` वर आपण सगळे विसंबतो, त्याची साधी हाकसुद्धा सुरुवातीच्या नियमांत बाहेरच्या नाक्यावर अडते. म्हणजे `ping` ला उत्तर आलं नाही यावरून संगणक बंद आहे असंही म्हणता येत नाही.

मग कुठल्या नाक्यावर अडलंय हे ओळखायचं कसं? इथं मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात आवडलेली गोष्ट सापडली. दोन्ही नाक्यांवरच्या पहारेकऱ्यांचा स्वभाव वेगळा आहे. बाहेरचा मुका आहे. तो नको असलेला निरोप उचलतो आणि गुपचूप टाकून देतो. "नाही" असंसुद्धा सांगत नाही. आतला मात्र बोलतो, "इथं यायला मनाई आहे" असं उत्तर पाठवतो. म्हणजे बाहेरून दार ठोठावायचं आणि शांतता मिळते की नकार मिळतो ते बघायचं. दुसऱ्या एखाद्या लिनक्स संगणकावरून हे करता येतं (खालचा पत्ता नमुन्याचा आहे):

```
nc -vz 203.0.113.10 25565
```

बराच वेळ काहीच न होता शेवटी `Connection timed out` आलं, तर निरोप कुणीतरी गिळला. बहुधा बाहेरचा नाका, म्हणजे काम खातेदाराचं. झटकन `No route to host` आलं तर आतला पहारेकरी बोलला. या शब्दांचा अर्थ "रस्ताच नाही" असा वाटतो आणि माणूस भलतीकडं शोधत बसतो. प्रत्यक्षात रस्ता आहे, निरोप पार दारापर्यंत गेलाय आणि तिथून मनाई घेऊन आलाय. आणि `Connection refused` आलं तर दोन्ही नाके ओलांडलेत, पण त्या दारामागं कुणी नाही. खेळच चालू नाही. वेगवेगळ्या संगणकांवर हे शब्द थोडे बदलू शकतात, म्हणून मी लिनक्सवरून पाहायला सांगतोय.

यात "बहुधा" उरलेलं आवडत नसेल तर याहून पक्की कसोटी आहे. भाच्यानं संगणकाच्या आत ही आज्ञा देऊन बसायचं आणि पुतणीनं तिकडून प्रयत्न करायचा:

```
sudo tcpdump -ni any tcp port 25565
```

हा टेहळ्या अशा जागी उभा असतो की तिथून बाहेरून येणारा निरोप आतल्या पहारेकऱ्याकडं जाण्यापूर्वीच दिसतो. म्हणजे बरोबर किणी आणि तासवड्याच्या मधे, कराडच्या पुलावर म्हणा. पुतणीनं बटण दाबल्यावर इथं ओळी उमटल्या तर बाहेरचा नाका उघडा आहे, अडलंय ते आत. काहीच उमटलं नाही तर निरोप इथवर आलाच नाही, मग मामाला फोन. यात वादाला जागा राहत नाही.

आमच्याकडं ओळी उमटल्या. प्रत्येकीत `Flags [S]`, म्हणजे "येऊ का?" अशी हाक. एक, थोड्या वेळानं दुसरी, मग तिसरी, आणि आतून त्या हाकेला होकार म्हणून काही नाही. न्यू जर्सीतून निघालेली पोर आमच्या दारात उभी राहून हाका मारते आहे आणि आत सगळे बसलेत, असं ते दृश्य होतं. माझा नाका सुटला होता. आता आतला बघायचा.

आतली यादी अशी बघतात:

```
sudo iptables -L INPUT -n --line-numbers
```

आमच्याकडं जे दिसलं ते सुटसुटीत करून देतो:

```
1  ACCEPT  all   state RELATED,ESTABLISHED
2  ACCEPT  icmp
3  ACCEPT  all
4  ACCEPT  tcp   state NEW tcp dpt:22
5  REJECT  all   reject-with icmp-host-prohibited
6  ACCEPT  tcp   tcp dpt:25565
```

तिसरी ओळ बघून दचकू नका. "सगळ्यांना घ्या" असं तिथं दिसतं आणि मग बाकीचे नियम कशाला असा प्रश्न पडतो. ती फक्त संगणकाच्या स्वतःशी होणाऱ्या बोलण्यासाठी आहे. आज्ञेत `-v` घातलं की तिच्यापुढं `lo` हे नाव दिसतं आणि जीव भांड्यात पडतो.

खरी मेख पाचव्या आणि सहाव्या ओळीत आहे. भाच्यानं नियम घातला होता, खोटं बोलत नव्हता. पण त्यानं तो `-A` नं घातला, आणि `-A` म्हणजे यादीच्या शेवटी जोडा. पहारेकरी यादी वरून खाली वाचतो आणि जी ओळ पहिली लागू पडेल ती पाळून मोकळा होतो. पाचवी ओळ सगळ्यांनाच लागू आहे: परत पाठवा. त्यामुळे सहावी ओळ तो कधी वाचतच नाही. लग्नाच्या पंगतीत "आता दार लावा" असं सांगून झाल्यावर खाली बारीक अक्षरात "पण काकांना आत घ्या" असं लिहून ठेवल्यासारखं आहे हे. काका बाहेरच.

उपाय म्हणजे ओळ शेवटी जोडायची नाही, पाचव्या जागी घुसवायची. म्हणजे नकाराची ओळ आपोआप सहावी होते आणि जुनी निरुपयोगी ओळ सातवी. ती काढून टाकायची, आणि मग सगळं जपून ठेवायचं:

```
sudo iptables -I INPUT 5 -p tcp -m state --state NEW --dport 25565 -j ACCEPT
sudo iptables -D INPUT 7
sudo netfilter-persistent save
```

हे आकडे आमच्या यादीचे आहेत. तुमच्या यादीत एखादी ओळ कमीजास्त असू शकते, तेव्हा आधी यादी बघा, `REJECT` ची ओळ कितवी आहे ते पाहा आणि तोच आकडा घाला. शेवटची आज्ञा विसरलात तर काम आज होईल, पण संगणक पुन्हा सुरू झाला की नियम गायब. तेव्हा "काल तर चालत होतं!" असं म्हणत माणूस पुन्हा पहिल्यापासून शोधू लागतो.

पुतणी आत आली. भाच्यानं तिला आधी सोपा दाखवला. आई पडद्याकडं बघून म्हणाली, "तिला म्हणावं उंबऱ्यावर उभी राहू नको." हुश्श!

आता इथं लेख संपवता आला असता. पण मधे अर्धा तास असा गेला होता की ज्यावर लिहावं असं खरं मला वाटलं. भाचा वैतागला होता (माणूस वैतागतोच) आणि म्हणाला, "मामा, मी आतला फायरवॉल पुरताच काढून टाकतो. तुमचा बाहेरचा आहेच की." जालावर शोधलंत तर हाच सल्ला जागोजागी मिळेल. `sudo iptables -F` एवढं लिहिलं की सगळे नियम साफ, आणि खेळ लगेच चालू होतो. म्हणूनच तो सल्ला इतका फिरतो.

मी त्याला नको म्हटलं त्याला दोन कारणं होती, आणि पहिलं थोडं अनपेक्षित आहे. ओरॅकलच्या या संगणकाची मुख्य चकती त्याच्या पेटीत असेलच असं नाही. ती जाळ्यावरून, `169.254.0.2` या आतल्या पत्त्याशी बोलून जोडलेली असते. आणि त्या पत्त्याशी फक्त मुख्य अधिकाऱ्यानं, म्हणजे `root` नं, बोलावं हे पाहण्याचं काम त्याच `iptables` च्या नियमांकडं दिलेलं आहे. ते नियम पुसले तर त्या संगणकावरचा कुठलाही साधा वापरकर्ता चकतीपर्यंत पोचू शकतो, असं त्यांच्याच दस्तऐवजात बजावलेलं आहे. उबंटूवर नेहमी वापरलं जाणारं `ufw` सुद्धा इथं वापरू नका म्हणतात, कारण त्यानं नियमांची मांडणी बदलली की संगणक पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते. म्हणजे आपल्याला जी नुसती भिंत वाटते तिच्यात घराचा एक खांबही आहे. जुना वाडा उतरवताना हे फार जपावं लागतं म्हणतात, कुठली भिंत नुसती आडोशाची आणि कुठलीवर तुळई टेकलेली.

दुसरं कारण साधं आहे. खेळाचं दार आपण सगळ्या जगाला उघडलंय. पुतणीच्या घरचा पत्ता बदलत असतो, म्हणून "फक्त हिलाच घ्या" असं नाक्यावर लिहिता येत नाही. आणि खेळाचं दार म्हणजे निरुपद्रवी दार असं समजू नये. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावाच्या कोठारात एक भोक सापडलं. त्याची जगभर बोंब झाली तेव्हा पहिल्या ठिकाणांत हा माइनक्राफ्टच होता. खेळात गप्पा मारायच्या जागी एक विशिष्ट ओळ टाकली की समोरच्या सर्व्हरवर हवं ते चालवता येत होतं. खेळाच्या १.१८.१ या आवृत्तीत ते बुजवलं गेलं. तेव्हा जे दार उघडायचं ते एकच, मोजून, आणि आतला खेळ ताजा ठेवून.

म्हणून आम्ही २५५६५ सोडून बाकी काही उघडलं नाही. सर्व्हर दूरून चालवण्यासाठी २५५७५ चं एक दार असतं, आरकॉन म्हणतात त्याला, ते दोन्हीकडं बंदच. भाच्याला जे करायचं ते तो एसएसएचनं आत जाऊन करतो. खेळात `whitelist on` केलं आणि घरच्यांची नावं घातली. म्हणजे दोन नाके ओलांडून आलेल्यालाही दारात नाव विचारलं जातं. थोरल्या भावाचा मुलगा टॅब्लेटवर खेळतो, त्यालाही यायचंय. पण टॅब्लेटवरची बेडरॉक आवृत्ती वेगळी, ती १९१३२ वर आणि तीही टीसीपीनं नव्हे तर यूडीपीनं बोलते. म्हणजे दोन्ही नाक्यांवर नवा नियम, `TCP` च्या जागी `UDP`, शिवाय दोन आवृत्त्यांना जोडणारा एक दुभाष्या बसवावा लागेल. आधीच्या नियमात नुसता आकडा वाढवून भागणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय. त्याचं काम दिवाळीच्या सुट्टीत.

आता शेवटचं. हे सगळं झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, खात्याचा पासवर्डही मलाच देऊन टाका. पुढच्या वेळी तुम्हाला त्रास नको." मला त्रास नव्हताच. मी विचार केला आणि नाही म्हटलं. अविश्वास म्हणून नाही. त्या फोनवर आम्ही दोघं आपापल्या पडद्याकडं बघून खरं बोलत होतो आणि तरी दार बंद होतं. ही अडचण दोन किल्ल्या दोघांकडं असल्यामुळे झाली, हे खरं. पण त्याच कारणानं, तो वैतागाच्या भरात आतला पहारा उठवून बसला असता तरी बाहेर माझा नाका होता. मी उद्या न्याहाळकात चुकीच्या चौकटीवर टिचकी मारून सगळं खुलं केलं तर आत त्याचा आहे. दोन्ही नाके एकाच माणसाच्या हातात आले की ते नावालाच दोन उरतात, कारण तो एकाच वैतागात दोन्ही उघडून बसेल.

तेव्हा किल्ल्या आहेत तशाच राहू द्यायचं ठरलं. त्याच्याऐवजी त्याला एक कागद करून दिला. बाहेरून ठोठाव. शांतता आली तर मला फोन कर. मनाई आली तर स्वतःची यादी वरून खाली वाच. नकार आला तर खेळ चालू आहे का बघ. कागद त्यानं संगणकाच्या वर चिकटवलाय म्हणे.

वाड्याचं काम चालू आहे. परड्याच्या दारावरून सध्या आई आणि आत्या यांच्यात मतभेद आहेत, पूर्वेला की उत्तरेला. त्यावर मात्र कुठलीच आज्ञा मला ठाऊक नाही. आमच्यापैकी कुणाकडं परड्याच्या बाजूचा जुना फोटो असेल तर जरूर पाठवा.